बुंधा मऊ लागला तर

जानेवारीचा दुसरा आठवडा होता. सकाळीच वहिनींचा फोन आला. "भाऊजी, अडेनियमची सगळी पानं गळली. म्हटलं पाणी कमी पडत असेल, म्हणून आठ दिवस रोज तांब्याभर घालतेय. तरी बुंधा मऊच लागतोय. अजून वाढवू का?"

मी म्हटलं, "आज एक थेंबही घालू नका. कुंडीखालची ताटली काढून ठेवा. संध्याकाळी येतो."

वहिनींची गॅलरी कोथरूडला, पूर्वेच्या तोंडाची. तिथे दहा इंची कुंडीत सहा वर्षांचं हे झाड आहे. बुंधा साधारण सोललेल्या नारळाएवढा, वर पाच फांद्या, आणि दर उन्हाळ्यात गडद गुलाबी फुलं. हौशी बागवाले या फुगीर बुंध्याला 'कॉडेक्स' म्हणतात आणि झाडाची किंमतही त्याच्याच घेरावर ठरते. तोच मऊ पडला की जीव घाबरतो. घाबरलेला माणूस एक तर पाणी वाढवतो किंवा एकदम बंद करतो. यातलं एक झाडाला वाचवतं आणि दुसरं मारतं. कुठलं काय करेल, हे मात्र झाडाकडे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी बुंध्याला हात लावून बघावं लागतं.

अडेनियम हे कण्हेर, चाफा आणि सदाफुली यांच्या कुळातलं झाड. नाव आलं ते येमेनमधल्या एडन बंदरावरून. हे एडन आपल्याला तसं परकं नाही. १८३९ पासून १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालत होता आणि वासुदेव बळवंत फडके यांचा शेवट १८८३ साली तिथल्याच तुरुंगात झाला. अरबस्तानाचा हा दक्षिण कोपरा आणि समोरचा आफ्रिकेचा कोरडा पट्टा हे या झाडाचं माहेर. तिथे पाऊस थोडे दिवस पडतो, पडला की खडकाळ उतारावरून लगेच वाहून जातो, आणि पुढचे कित्येक महिने काही नाही. त्या थोड्या दिवसांत मिळालेलं पाणी साठवायची सोय म्हणजे हा बुंधा. तो लाकडाचा ओंडका नाही. आतून तो नवलकोलासारखा रसदार, पाण्याने भरलेल्या पेशींचा असतो. पेशी भरलेल्या असल्या की त्या एकमेकींना आतून दाबतात आणि बुंधा टणक लागतो. पाणी वापरलं गेलं की पेशी सैल पडतात आणि बुंधा मऊ लागतो. म्हणजे मऊपणा हा मुळात रोग नाही, साठा उतरल्याची ती खूण आहे. पण सडतानाही बुंधा मऊच होतो, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो.

हा फरक समजायला स्वयंपाकघरातले बटाटे आठवा. ताजा बटाटा कडक. महिनाभर टोपलीत राहिलेला बटाटा सुरकुततो, दाबला तर थोडा दबतो, पण सोडला की परत येतो, आणि चिरला तर आतून पांढरा निघतो. तिसरा बटाटा सडलेला. त्याची साल एका जागी ओली आणि काळपट होते, बोट लावलं की आत जातं, खड्डा तसाच राहतो आणि वास येतो. तहानलेला अडेनियम म्हणजे दुसरा बटाटा. सडलेला म्हणजे तिसरा.

त्यामुळे बुंधा तपासताना अंगठा एकाच जागी टेकवून भागत नाही. वर, मध्ये आणि खाली मातीलगत, असं चारही बाजूंनी दाबून बघायचं. सगळीकडे सारखाच मऊ, रबरासारखा, दाब सोडल्यावर परत येणारा, सालीचा रंग नेहमीचा, थोड्या सुरकुत्या, वास नाही, ही तहान. एकच बाजू मऊ आणि बाकीचा बुंधा टणक, त्या जागची साल तपकिरी किंवा ओलसर, दाबल्यावर पाणी सुटतं किंवा साल सरकते, ही सड. सड बहुतेक वेळा मातीच्या पातळीला किंवा त्याच्याही खाली सुरू होते. म्हणून वरची दोन बोटं माती बाजूला सारून बघितल्याशिवाय 'सगळं ठीक आहे' असं म्हणू नये. वेगही वेगळा असतो. तहानेचा मऊपणा आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू येतो. सड तीन-चार दिवसांत पसरते.

यात एक तिसरा प्रकार आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं त्यानेच जातात. बुंधा सगळीकडून सारखा मऊ, म्हणजे लक्षण तहानेचं, पण माती मात्र ओली. खाली मुळं कुजलेली असतात. पाणी समोर आहे, पण प्यायला तोंड नाही. अशा झाडाला आपण तहानलेलं समजून पाणी घालतो, उरलेली मुळंही कुजतात, आणि मग सड मुळांतून वर बुंध्यात चढते. म्हणून बुंध्याबरोबर माती तपासणं सक्तीचं. अगरबत्तीची विझलेली काडी कुंडीच्या कडेने अगदी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. कोरडी आणि स्वच्छ निघाली तर माती कोरडी. ओली होऊन कण चिकटून आले तर ओल आहे. मऊ बुंधा आणि कोरडी माती असेल तर पाणी द्या. मऊ बुंधा आणि ओली माती असेल तर झाड कुंडीतून बाहेर काढा, त्याच दिवशी.

वहिनींच्या कुंडीत काडी तळापर्यंत ओली निघाली, तिला लाल चिखल चिकटला होता. ताटलीत पाणी साचलेलं होतं. बुंधा तीन बाजूंनी किंचित सैल आणि चौथ्या बाजूला, भिंतीकडच्या, दहा रुपयांच्या नाण्याएवढी जागा अगदी मऊ. वहिनी म्हणाल्या, "ती बाजू मला दिसलीच नाही हो." कशी दिसणार? गॅलरीत कुंडी कोणी फिरवून बघत नाही.

आता पानं का गळली तेही सांगतो, कारण सगळ्याची सुरुवात तिथून झाली. रात्रीचं तापमान १५ अंशांच्या खाली येऊ लागलं की अडेनियमची वाढ मंदावते. दहाच्या आसपास ते पानं पिवळी करून टाकून देतं आणि झोपी जातं. पुण्यात, नाशकात, विदर्भात डिसेंबर-जानेवारीत हे घडणं अगदी स्वाभाविक आहे. पान नाही म्हणजे बाष्प उडणं जवळपास थांबलं. वरून खेच नाही म्हणजे मुळं पाणी ओढत नाहीत. ज्या कुंडीतलं पाणी एप्रिलमध्ये दोन दिवसांत संपतं तेच जानेवारीत दोन-तीन आठवडे तसंच राहतं. गार आणि सतत ओल्या मातीत हवा खेळत नाही, मुळांची बारीक टोकं गुदमरून मरतात, आणि मेलेल्या टोकांतून बुरशी आत शिरते. झोपलेलं झाड जखम भरून काढण्याच्या स्थितीत नसतं. उन्हाळ्यात ज्या चुकीतून ते सावरलं असतं, ती हिवाळ्यात त्याच्या जिवावर बेतते.

आणखी एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. हिवाळ्यात उघड झालेल्या सडीचं मूळ बरेचदा पावसाळ्यात असतं. आपला चार महिन्यांचा पाऊस या झाडाने माहेरी कधी पाहिलेला नाही. जुलै-ऑगस्टमध्ये काही मुळं कुजतात, पण तेव्हा हवा उबदार असते, नवी मुळं फुटत राहतात आणि झाड वरून हिरवंगार दिसतं. थंडीत नवी मुळं फुटणं थांबलं की जुनं दुखणं डोकं वर काढतं. वहिनींची गॅलरीही उघडी, पावसाच्या झडीत भिजणारी. शिवाय माती नर्सरीतली लाल आणि वर शेणखत. तुळशीला ही माती चालते, अडेनियमला नाही.

आम्ही कुंडी आडवी केली, चारी बाजूंनी थोपटली आणि झाड बाहेर काढलं. मातीला आंबूस वास येत होता. मुळं नळाखाली धुतली. चार जाड मुळांपैकी एकच मूळ पिवळसर पांढरं आणि कडक होतं. बाकी तिघांची साल बोटात धरून ओढली की मोज्यासारखी निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. मेलेलं मूळ ओळखायची ही पक्की खूण.

कापायला बसण्याआधी हातमोजे घातले. या झाडाचा चीक विषारी आहे, थेट हृदयावर परिणाम करणारा. आफ्रिकेत काही जमाती तो बाणांच्या टोकांना लावत आल्या आहेत. नुसता हाताला लागला तर धुऊन टाकावा, पण डोळ्यात किंवा तोंडात जाऊ देऊ नये. कापलेले तुकडे लहान मुलं आणि मांजर-कुत्र्यांच्या वाटेत टाकू नयेत.

धारदार सुरी स्पिरिटने पुसली आणि मेलेली मुळं बुंध्यालगत कापली. मग मऊ जागेवरून पातळ काप काढायला सुरुवात केली, काकडीच्या चकतीएवढे. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा स्पिरिटने पुसायची, नाहीतर सडीचे जंतू आपणच निरोगी भागात नेऊन पेरतो. वरून नाण्याएवढी दिसणारी जागा आत अंगठ्याच्या पेराएवढी खोल गेली होती. काप काढता काढता तपकिरी लगद्याचं तपकिरी कडं झालं, कड्याचा एकच ठिपका उरला. वहिनींना वाटलं, झालं आता. पण तो ठिपका सोडता येत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका मागे राहिला तर पंधरा दिवसांनी सगळं पुन्हा सुरू होतं. आणखी दोन काप घेतल्यावर एकसारखा पांढरा, ओला, चीक सुटणारा गर लागला. तिथे थांबलो. बुंध्याचा जवळपास पाचवा हिस्सा गेला होता. वहिनी काही बोलल्या नाहीत, नुसत्या त्या तुकड्यांकडे बघत राहिल्या.

तपकिरी भाग संपायचं नाव घेत नसता आणि बुंध्याच्या आरपार गेला असता, तर बुंधा वाचला नसता हे खरं. तेव्हा एकच करता येतं. सडीच्या बरंच वर, स्वच्छ गर लागेल तिथे फांदी कापायची, कापलेलं तोंड वाळवायचं आणि उबदार दिवसांत तिची मुळं फोडायची. मुळं फुटतात, झाड जगतं, पण फांदीपासून झालेल्या झाडाला बीपासून आलेल्या रोपासारखा डौलदार बुंधा सहसा येत नाही. नर्सरीतली दुहेरी पाकळ्यांची किंवा रंगीत झाडं बहुतेक कलमी असतात. तीच फांदी दुसऱ्या साध्या रोपावर कलम करून फुलाची जात टिकवता येते.

कापलेल्या जागांवर तांबंयुक्त बुरशीनाशकाची भुकटी कोरडीच दाबून लावली. ज्यांच्याकडे ती नसते ते दालचिनीची पूड लावतात. ती कोरडेपणा आणते, पण खोल सडीत मी तिच्यावर विसंबत नाही. खरं औषध कापणं आणि वाळवणं. झाड चाळणीवर आडवं, जखम वरच्या बाजूला येईल असं, सावलीत पण वाऱ्याच्या जागी ठेवलं. उन्हाळा असता तर दहा दिवसांत कुंडीत लावलं असतं. जानेवारीत घाई करण्यात अर्थ नव्हता, कारण थंडीत नवी मुळं फुटणारच नव्हती. तसंच उघडं, मातीशिवाय, ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पाच आठवडे पडून राहिलं.

त्या काळात वहिनींचे तीन-चार फोन आले. बुंधा आणखी सुरकुतत होता. पण सगळीकडून सारखा, आणि जखम बुचासारखी कडक झाली होती. ही तहान होती, आणि तहान या झाडाला झेपते. कुरियरने मुळं उघडी करून पाठवलेली झाडं घरी येतात तेव्हा अशीच मऊ असतात. खोकं उघडल्याबरोबर बादलीत बुडवायची चूक करू नये. प्रवासात तुटलेली मुळं आधी चार-सहा दिवस कोरड्या मातीत वाळू द्यावीत, मग पाणी.

फेब्रुवारीत नवं मिश्रण केलं. दोन भाग विटांचे तुकडे, ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याच्या आकारापर्यंतचे, भुकटी चाळून टाकलेली. एक भाग कुजलेलं पानांचं खत आणि कोकोपीट मिळून. मूठभर लोणारी कोळशाचे तुकडे. असं मिश्रण कुंडीत भरून वरून पाणी ओतलं की काही सेकंदांत खालून निघायला हवं. वर तळं साचत असेल तर मिश्रण जमलेलं नाही. कुंडी मातीची घेतली, आधीपेक्षा दोन इंच लहान, कारण मुळं थोडी असताना मोठी कुंडी म्हणजे जास्त वेळ टिकणारी ओल. लावल्यावर आठवडाभर पाणी नाही. मग अर्धा पेला. तिसऱ्या आठवड्यात फांद्यांच्या टोकांना हिरवे ठिपके दिसले आणि मार्चअखेर पानं उघडली. बुंधा टणक व्हायला एप्रिल उजाडला.

त्याच हिवाळ्यात माझ्या गच्चीवरचं एक झाडही मऊ झालं होतं. मी दोन आठवडे गावी होतो, कुंडी कोरडी ठक्क. चारी बाजूंनी सारखा मऊ, काडी कोरडी. ऊन चांगलं वर आल्यावर पेलाभर पाणी दिलं, आठवड्यात बुंधा पूर्ववत. हीच पडताळणीची सोपी रीत आहे. तहानलेलं झाड पाणी मिळाल्यावर पाच-सात दिवसांत भरू लागतं. दहा दिवस झाले, पाणी दिलंय, तरी बुंधा तसाच, तर दुसऱ्यांदा पाणी घालू नका. मुळं उघडून बघा.

हिवाळ्यात पाणी किती, असं विचारलं की लोक दिवस मोजून मागतात. मी पानांकडे बघायला सांगतो. मुंबई, कोकण, गोवा इथे थंडी एवढी पडतच नाही. तिथे बरीच झाडं पानांसकट हिवाळा काढतात, आणि पान आहे तोवर झाड पाणी पितंय. तिथे काडी कोरडी निघाली की पाणी द्यायचं, फक्त उन्हाळ्यापेक्षा निम्मं, आणि खत नाही. देशावर नोव्हेंबरच्या शेवटी पानं पिवळी पडू लागली की प्रत्येक वेळेचं पाणी कमी आणि मधलं अंतर जास्त करत जायचं. सगळी पानं गेली की आठ-दहा इंची कुंडीला तीन आठवड्यांतून एकदा अर्धा ते पाऊण पेला, तोही बुंधा थोडा दबू लागला असेल तरच. बुंधा टणक असेल तर काहीच नको. साठा भरलेला आहे.

झोपलेल्या झाडाचं पाणी पूर्ण तोडावं, असं सांगणारे अनुभवी बागवाले आहेत. जिथे दिवसाही हाडं गोठतात तिथे ते बरोबर आहे. पण पुण्याची जानेवारीतली दुपार २८-३० अंशांवर जाते, विटांच्या तुकड्यांतलं मिश्रण खडखडीत वाळतं, आणि दोन-अडीच महिने थेंबही न मिळालेल्या झाडाची बारीक मुळं सुकून जातात. मग मार्चमध्ये पाणी दिल्यावर ते प्यायला मुळंच नसतात. म्हणून मी मधूनमधून घोटभर देण्याच्या बाजूचा आहे. वर्षाच्या आतल्या रोपांना तर हा नियम लावूच नये. बोटाएवढ्या बुंध्यात साठा तो केवढा! त्यांना थंडीतही आठ-दहा दिवसांनी चार चमचे पाणी हवं.

वेळ सकाळी दहा-अकराची. रात्रीच्या गारठ्याआधी वरची ओल उडून जायला हवी. ढगाळ आणि गार हवेचे दिवस असतील तर पाळी आली तरी पाणी पुढे ढकलायचं. पाणी मातीवर, बुंध्यावर नाही. कुंडी थेट फरशीवर न ठेवता दोन विटांवर ठेवली की भोक मोकळं राहतं आणि फरशीचा गारठाही लागत नाही. निफाडसारखा पारा पाच अंशांपर्यंत खाली येणारा भाग असेल तर रात्री झाड भिंतीच्या आडोशाला किंवा घरात घ्यावं. अति थंडीने फांद्यांची टोकं काळी, पाणचट होतात, आणि ती सड मग वरून खाली उतरते.

जाग येतानाचे दिवसही जपण्याचे. फेब्रुवारीत ऊन तापलं म्हणून कुंडी भिजवून काढायची नाही. फांदीच्या टोकाला हिरवा ठिपका दिसेपर्यंत थांबायचं, दिसला की अर्धा पेला, आठवड्याने पेलाभर, आणि पानं बोटभर लांब झाली की मग खालून वाहीपर्यंत पाणी.

यंदा डिसेंबरात वहिनींच्या झाडाची पानं पुन्हा गळली. त्यांचा फोन आला, पण या वेळी प्रश्न वेगळा होता. "भाऊजी, काडी कोरडी निघतेय, बुंधा चारही बाजूंनी टणक आहे. पाणी नकोच ना अजून?"

"नको," मी म्हटलं. "जखमेची बाजू कशी आहे?"

"तीच सगळ्यात कडक आहे. आता ती मी समोर करून ठेवलीय."